मुलाखतीची वेळ बदलून मागायची, पण नोकरी हवीच आहे

"गुरुवारी सकाळी ११ ला माझी दुसऱ्या फेरीची मुलाखत ठरली आहे, मी होकारही कळवलाय. आज ऑफिसात कळलं की त्याच वेळी ग्राहकासमोरचं सादरीकरण मला करायचंय. वेळ बदलून मागितली तर 'हिला फारशी गरज दिसत नाही' असं वाटेल का? मेल कसा लिहू?"

ती आली तेव्हा सोमवारची संध्याकाळ होती. हातात दोन पूर्ण दिवस होते आणि ही जमेची बाजू होती. बहुतेकजण "बघू, कदाचित सादरीकरणच पुढे जाईल" म्हणत बुधवारपर्यंत गप्प बसतात, आणि मग आदल्या रात्री मेल जातो. वेळ बदलून मागितल्याचा राग सहसा येत नाही, उशिरा मागितल्याचा येतो.

आधी मी तिला एकच विचारलं: ते नाही म्हणाले तर? ती थोडा वेळ गप्प झाली. सादरीकरणासाठी तिचं नाव ग्राहकाला आधीच कळवलेलं होतं. साहेबांकडे सुटका मागायची तर कारण सांगावं लागणार, आणि नोकरी शोधतेय हे तर ऑफिसात सांगता येत नाही. शेवटी म्हणाली, "मग मुलाखत सोडेन." हे मेलमध्ये लिहायचं नसतं, पण लिहायला बसण्याआधी ठरलेलं बरं. ते ठरलं नसेल तर मेलमध्ये अजिजी उतरते.

मग तिने लिहिलेला मसुदा दाखवला. त्यात तीनदा माफी होती. कोणता सहकारी आजारी पडला आणि काम तिच्यावर कसं आलं, याचा अख्खा परिच्छेद होता. ग्राहकाचं नावसुद्धा होतं! ते मी आधी खोडायला लावलं. सध्याच्या ऑफिसातल्या गोष्टी बाहेर सांगणारी उमेदवार उद्या आमच्याही सांगेल, असं समोरच्याच्या मनात येतंच. शेवटची ओळ होती: "तुम्हाला सोयीची कोणतीही वेळ मला चालेल."

तिला ही ओळ सगळ्यात नम्र वाटत होती, पण गडबड नेमकी तिथेच होती. एक तर ते खरं नव्हतं, शुक्रवारी दुपारी तिला पुन्हा काम होतं. दुसरं म्हणजे हा मेल वाचणारी व्यक्ती बहुधा तिला पारखणारी नसतेच. ती असते मुलाखतींच्या वेळा जुळवणारी, आणि तिच्यापुढे पॅनेलमधल्या तिघांची कॅलेंडरं असतात. 'कोणतीही वेळ' म्हटलं की तिला सगळं पहिल्यापासून जुळवत बसावं लागतं. तीन ठोस वेळा दिल्या तर तिघांना विचारून ती दहा मिनिटांत मोकळी होते. समोरच्याचं काम कमी करणं हीच इथे उत्सुकतेची खूण. 'अत्यंत उत्सुक', 'मनापासून इच्छुक' हे शब्द त्या कामाला येत नाहीत, ते सगळेच लिहितात.

वेळा निवडताना आम्ही थोडा वेळ घेतला. एक वेळ मुद्दाम मूळ वेळेच्या आधीची ठेवली, बुधवारची. टाळायचं असतं तो माणूस अलीकडची वेळ देत नाही, हे वाचणाऱ्याला न सांगता कळतं. अर्थात तयारी झालेली असेल तरच. बाकीच्या दोन वेगवेगळ्या दिवशी, एक सकाळची आणि एक दुपारची, म्हणजे पॅनेलमधल्या कुणाची सकाळ कायम भरलेली असली तरी वाट उरते.

शेवटी गेलेला मेल असा होता:

"नमस्कार,

गुरुवारी सकाळी ११ ची मुलाखत मी पक्की केली होती. त्याच वेळी सध्याच्या कामातली एक बैठक आली आहे आणि ती मला बदलता येण्यासारखी नाही. मुलाखतीची वेळ बदलून मिळू शकेल का? तुम्हाला पुन्हा वेळा जुळवाव्या लागतील, त्याबद्दल क्षमस्व.

बुधवारी संध्याकाळी ५.३० नंतर, शुक्रवारी सकाळी ९ ते ११ किंवा सोमवारी दुपारी २ ते ५ मी मोकळी आहे. यांतलं काही जमत नसेल तर तुमच्याकडच्या वेळा कळवा.

पहिल्या फेरीत रिलीजआधीच्या चाचण्यांना दोन दिवस लागतात हा विषय निघाला होता. त्यावर मी काही मुद्दे काढून ठेवले आहेत, पॅनेलशी त्यावर बोलायला आवडेल."

खाली नाव आणि फोन नंबर. वेळ ठरवण्याचा जो मेल आला होता त्यालाच उत्तर म्हणून पाठवला, त्यात जेवढे होते त्या सगळ्यांना, विषयाची ओळ न बदलता. अर्थातच स्वतःच्या खात्यावरून, ऑफिसच्या नव्हे. आणखी एक गोष्ट: कॅलेंडरमधलं गुरुवारचं निमंत्रण तिला तेव्हाच नाकारायचं होतं. मी थांबवलं. मेल कुणी वाचण्याआधी नकाराची सूचना पोचली तर उमेदवाराने माघार घेतली असा अर्थ निघतो, आणि ती वेळ दुसऱ्याला जाऊ शकते.

मंगळवारी दिवसभर उत्तर नाही. संध्याकाळी तिचा फोन, "नाराज झाले वाटतं." पाठवलेला मेल वाचला गेलाच, आणि वाचला म्हणजे वेळ बदललीच, असं माणूस धरून चालतो. पण समोरून होकार येईपर्यंत गुरुवार ११ हीच वेळ पक्की असते. बुधवारी सकाळी तिने त्यांच्या मेलखाली असलेल्या नंबरवर फोन केला. वेळा जुळवणाऱ्या बाई सोमवारपासून रजेवर होत्या. मेल कुणी उघडलाच नव्हता, गुरुवारी पॅनेल वाट बघत बसलं असतं. फोन घेणाऱ्याने तिथल्या तिथे मेल शोधला. तीन वेळा समोर होत्याच, दुपारी शुक्रवार ९.३० ठरलं. एक दिवसापेक्षा कमी वेळ हातात असेल तर मी आधी फोन आणि मग लेखी नोंद म्हणून मेल, असाच क्रम सांगतो.

नवं निमंत्रण आलं, पण जुनं कॅलेंडरमधून गेलं नव्हतं. तिने दोन ओळी लिहिल्या: शुक्रवार ९.३० पक्कं, गुरुवारची वेळ रद्द झाली असं समजते. मगच जुनं नाकारलं.

मुलाखतीत तो विषय कुणी काढला नाही. चाचण्यांचा मात्र निघाला, पहिलाच प्रश्न तो. मेलमध्ये मुद्दे आहेत म्हणून लिहिलंय तर ते खरोखर असावे लागतात. तिच्याकडे पानभर होते.

ही मोकळीक सगळीकडे मिळत नाही. एकाच दिवशी शंभरभर उमेदवारांच्या मुलाखती उरकणाऱ्या भरतीत, किंवा तारीख नियमाने बांधलेली असते तिथे, वेगळी वेळ द्यायची सोयच नसते. तिथेही विचारायला हरकत नाही, फक्त तीन वेळा सुचवण्याऐवजी 'त्याच दिवशी आधीची किंवा नंतरची वेळ मिळू शकेल का' एवढंच विचारावं. आणि बदलून घेतलेली वेळ पुन्हा बदलून मागायची पाळी आली, तर मेल लिहीत बसू नये. सरळ फोन करावा. दुसऱ्यांदा कारण कितीही खरं असलं तरी ते कागदावर पटत नाही.