९० अंशांच्या बेंडवरचे बल: ρQV का पुरत नाही

प्रश्न: व्यास ३०० मिमी, आडवा ९० अंशांचा बेंड, प्रवाह सेकंदाला ०.२ घनमीटर, गेज दाब ४ बार. दोन्ही दिशांना ρQV घेऊन मला एकूण बल ८०० न्यूटन मिळाले, उत्तरात ४०.८ किलोन्यूटन दिले आहे. पन्नासपट फरक कसा? आणि दाब गेज घ्यायचा की निरपेक्ष?

आपण संवेगाचा हिशेब बरोबर केला आहे, पण बलांचा हिशेब केलेलाच नाही. ही चूक बहुधा पट्टीवर आदळणाऱ्या मोकळ्या जलधारेच्या गणितांमुळे होते. तिथे धारेभोवती सगळीकडे हवेचाच दाब असल्याने दाबाची पदे उरत नाहीत आणि ρQV एवढ्यावर काम भागते. पाइपात मात्र बेंडमधले पाणी कंट्रोल व्हॉल्यूम म्हणून वेगळे काढले, की कापलेल्या दोन्ही तोंडांवर बाहेरचे पाणी त्याला दाबत असते, आणि ते दोन बाण आकृतीत काढावेच लागतात.

पाणी x दिशेने आत येते आणि y दिशेने बाहेर पडते असे धरू. बेंडच्या भिंतीने पाण्यावर लावलेले बल Rx आणि Ry असेल, तर

```
x:  pA + Rx = ρQ(0 − V)
y:  Ry − pA = ρQ(V − 0)
```

दुसऱ्या ओळीत pA पुढचे ऋण चिन्ह नीट पाहा: बाहेर पडण्याच्या तोंडाशी पुढचे पाणी आपल्या पाण्याला मागे ढकलते, म्हणजे दाबाचे बल प्रवाहाच्या उलट, नेहमी कंट्रोल व्हॉल्यूमच्या आतल्या दिशेने असते. विद्यार्थी सर्वांत जास्त घसरतात ते इथेच. चिन्ह उलटे पडले, तर Ry ऋण येतो आणि बल बेंडच्या आतल्या बाजूला ढकलते आहे असे दिसू लागते. तसे दिसले की आकृतीकडे परत जावे.

आता आकडे. क्षेत्रफळ ०.०७०७ चौ.मी., वेग २.८३ मी./से. त्यामुळे ρQV होते ५६६ न्यूटन, तर pA होते सुमारे २८,२७० न्यूटन. एका दिशेची बेरीज २८.८४ किलोन्यूटन आणि दोन्ही दिशा मिळून ४०.८ किलोन्यूटन. पाणी बेंडला ४५ अंशांत बाहेरच्या बाजूला ढकलते. बेंडमधल्या घर्षणामुळे पुढच्या तोंडाशी दाब किंचित कमी असतो, पण इथे तो फरक एखाद्या किलोपास्कलच्या आसपास असल्याने मी तो सोडून दिला आहे.

दाब गेजच घ्यावा. बेंडच्या बाहेरच्या पृष्ठभागालाही हवा दाबतच असते, आणि बंद पृष्ठभागावर सर्वत्र सारख्या असलेल्या दाबाचे एकूण बल शून्य होते. निरपेक्ष दाब घेऊन बाहेरची हवा विसरलात, तर उत्तर सुमारे ५१ किलोन्यूटन येईल, म्हणजे १० किलोन्यूटन जादा.

या आकड्यांतून एक गोष्ट उघड होते, आणि ती मला परीक्षेतल्या गुणांपेक्षा महत्त्वाची वाटते: पाणी थांबले तरी बेंडवरचे बल जवळजवळ तेवढेच राहते. मी एका लाइनच्या हायड्रॉलिक टेस्टला उभा होतो. दोन्ही टोके बंद होती, प्रवाह शून्य होता, फक्त दाब चढवणे चालू होते. बेंडला बाहेरून टेकून जोर मातीवर उतरवणाऱ्या काँक्रीटच्या थ्रस्ट ब्लॉकच्या मागची भर नीट ठोकलेली नव्हती. दाब चढता चढता ब्लॉक बोटभर सरकला, बेंड सॉकेटमधून निसटला आणि रबर रिंग चिखलात येऊन पडली. “पाणी वाहतच नव्हते, मग जोर कुठून आला?” असे तिथल्या मुकादमाने विचारले होते, त्याचे उत्तर pA एवढेच आहे.

हे बल शेवटी कोण झेलते, ते जोडावर ठरते. फ्लँज किंवा वेल्डिंग असेल, तर बोल्ट आणि पाइपाची भिंत ताण घेऊ शकतात. सॉकेटचा साधा रबर रिंगचा जोड मात्र अक्षाच्या दिशेने ओढ घेत नाही, म्हणून सगळा भार ब्लॉकवर जातो. अशा जोडात A साठी आतला नव्हे, तर बाहेरचा व्यास घ्यावा. ३०० मिमी डक्टाइल आयर्न पाइपाचा बाहेरचा व्यास ३२६ मिमी असतो, त्यामुळे क्षेत्रफळ १८ टक्क्यांनी वाढते. टेस्टचा दाब ६ बार धरला, तर बल सुमारे ७१ किलोन्यूटन होते. ब्लॉकमागच्या मातीची सुरक्षित धारणक्षमता चौरस मीटरला १०० किलोन्यूटन असेल, तर ब्लॉकची मागची बाजू किमान ०.७ चौ.मी. हवी, आणि ती न खणलेल्या, घट्ट मातीला टेकलेली हवी.