जुन्या सरांकडे शिफारसपत्र मागताना मेलमध्ये काय लिहावं?

प्रश्न: २०२२ ला नाशिकमधून सिव्हिल झाले. अमेरिकेत एमएससाठी अर्ज करतेय, १५ डिसेंबर शेवटची तारीख आहे. ज्या सरांकडे प्रोजेक्ट केलं त्यांच्याशी तीन वर्षांत एकदाही बोलले नाही. एलओआरसाठी त्यांना काय आणि कसं लिहू?

उत्तर:

मी नाशिकमध्येच एका इंजिनीअरिंग कॉलेजात सिव्हिलला शिकवते. दिवाळीच्या आसपास दरवर्षी मला असे पाच-सात मेसेज येतात, त्यामुळे मागणाऱ्याची नाही, पत्र लिहिणाऱ्याची बाजू सांगते.

तीन वर्षं बोलला नाहीत याचं सरांना काही वाटत नाही. अडचण वेगळीच असते. दरवर्षी साठ-सत्तर मुलं समोरून जातात, चेहरा आठवतो पण त्या मुलाने नेमकं काय केलं होतं ते आठवत नाही. आणि ते आठवलं नाही तर पत्रात "हुशार, मेहनती, वक्तशीर" यापलीकडे काही येत नाही. असं पत्र निवड समितीच्या काहीच कामाचं नसतं. तेव्हा तुमच्या मेलचं पहिलं काम म्हणजे सरांना तुमचं काम आठवून देणं. विनंती त्यानंतर.

गेल्या वर्षी एका माजी विद्यार्थिनीचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला: "नमस्कार मॅम, ओळखलंत का? एमएससाठी एलओआर हवं होतं. प्लीज द्याल का?" डीपीवर डोंगराचा फोटो. मी तिला सांगितलं की सविस्तर मेल कर. दुसऱ्या दिवशी तिने जो मेल केला, तो तिच्या परवानगीने नाव वगळून देते.

"विषय: शिफारसपत्रासाठी विनंती – २०२० बॅच, गोदावरी प्रोजेक्ट

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

मी सिव्हिलच्या २०२० च्या बॅचची. तिसऱ्या वर्षाला तुम्ही आम्हाला पर्यावरण अभियांत्रिकी शिकवलंत आणि शेवटच्या वर्षी गोदावरीच्या पाण्याचं आमचं चौघींचं प्रोजेक्ट तुमच्याकडे होतं. जानेवारीत तपोवनच्या नमुन्याचं डीओ रामकुंडापेक्षा जास्त आलं, तेव्हा तुम्ही 'बाटली कुणी भरली?' असं विचारलं होतंत. ती मी भरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला परत जाऊन मी नमुना आणला होता.

पास झाल्यापासून मी सांडपाणी प्रक्रिया केंद्रांच्या डिझाइनचं काम करते. एवढ्या वर्षांत तुम्हाला फोन केला नाही, त्याबद्दल क्षमस्व.

आता अमेरिकेत पर्यावरण अभियांत्रिकीत एमएस करण्यासाठी पाच विद्यापीठांत अर्ज करते आहे. नमुने घेताना आणि लॅबमध्ये मी कसं काम करते ते तुम्ही जवळून पाहिलं आहे, म्हणून तुम्हालाच विचारते आहे. त्या कामाबद्दल मनापासून चांगलं लिहिता येईल असं वाटत असेल, तर माझ्यासाठी शिफारसपत्र द्याल का? वेळ नसेल किंवा आता तेवढं आठवत नसेल तर निःसंकोच सांगा, मी दुसरी सोय करीन.

पहिली शेवटची तारीख १५ डिसेंबर आहे. ३० नोव्हेंबरपर्यंत पत्र अपलोड झालं तर मी निश्चिंत होईन. तुम्ही हो म्हणालात तर विद्यापीठांची यादी, गुणपत्रिका, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि कामाचे काही मुद्दे एकाच मेलमध्ये पाठवते. विद्यापीठांची लिंक कॉलेजच्या ईमेलवर यावी की दुसऱ्या, तेवढं कळवा. शनिवारी कॉलेजात येऊन भेटले तरी चालेल का?

आपली विद्यार्थिनी,
(नाव, रोल नंबर, फोन)"

हा मेल ३ ऑक्टोबरला आला होता. वाचता वाचता मला ती सकाळ आठवली. डीओ म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. नमुन्याची बाटली काठोकाठ भरून, आत हवेचा एकही बुडबुडा न ठेवता बूच लावायचं असतं. बुडबुडा राहिला तर हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळतो आणि आकडा फुगतो. नदी गावातून वाहत खाली गेल्यावर आकडा वाढला म्हणून मला शंका आली होती. या मुलीने वहीतला आकडा खोडला नाही, शेजारी "बुडबुडा होता, नमुना पुन्हा घेणे" असं लिहिलं आणि जानेवारीच्या थंडीत परत नदीवर गेली. माझ्या पत्राचा मधला सगळा परिच्छेद या एका प्रसंगावर उभा राहिला. तिने फक्त "माझं प्रोजेक्ट तुमच्याकडे होतं" असं लिहिलं असतं, तर मला यातलं काहीही आठवलं नसतं.

तुमच्याकडेही असा एखादा प्रसंग असेलच. तो मोठा यशाचाच हवा असं नाही. व्हायवामध्ये अडलात आणि नंतर उत्तर शोधून सरांना सांगायला गेलात, साइट व्हिजिटला एखादी चूक तुमच्या लक्षात आली, असलं काहीही चालतं. सरांनी स्वतः पाहिलेलं असलं पाहिजे, एवढंच. त्यांनी न पाहिलेल्या गोष्टी, म्हणजे नोकरीतली बढती वगैरे, त्यांच्या पत्रात घालायला सांगू नका. ते तुमच्या मॅनेजरच्या पत्रात शोभतं.

दुसरं वाक्य बघा: "मनापासून चांगलं लिहिता येईल असं वाटत असेल, तर". आपल्याकडे शिक्षकाला नाही म्हणणं जड जातं. समोरून विद्यार्थी हात जोडून मागतोय म्हटल्यावर सर "बरं, बघू" म्हणतात आणि शेवटी चार ओळींचं कोमट पत्र जातं. तुम्ही बाहेर पडायची वाट ठेवलीत, तर ज्यांना खरंच काही लिहायचं नाही ते मोकळेपणाने सांगतात आणि तुमच्या हातात दुसऱ्याला विचारायला वेळ राहतो. माझ्या मते अख्ख्या मेलमधलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. ते वगळू नका.

सर हो म्हणाले की मगच कागदपत्रं पाठवा, पण सगळी एकदम. प्रत्येक विद्यापीठ सरांना वेगळी लिंक पाठवतं. पत्र सगळीकडे तेच चढवता येतं, पण फॉर्म प्रत्येक वेळी नव्याने भरावा लागतो. या विद्यार्थ्याला किती वर्षांपासून ओळखता, कोणत्या नात्याने ओळखता, आणि बऱ्याचदा एक तक्ताही असतो: तुम्ही शिकवलेल्या मुलांत हा वरच्या ५ टक्क्यांत येतो, १० टक्क्यांत, की २५? तिथे आम्ही अडतो. म्हणून सरांच्या विषयात किती गुण होते, वर्गात साधारण कितवा क्रमांक होता, वर्गात किती मुलं होती, हे स्वतःहून लिहा. विद्यापीठांच्या यादीत नाव, कोर्स आणि तारीख एवढं पुरे.

तारखेचं एक सांगते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची १५ डिसेंबरची रात्रीची ११:५९ म्हणजे आपल्याकडे १६ तारखेची सकाळी १०:२९. या हिशेबावर सरांना बसवू नका. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आमच्याकडे ओरल, परीक्षा, पेपर तपासणी एकामागून एक लागलेली असते. खरी तारीख आणि तुम्हाला हवी असलेली तारीख अशा दोन्ही स्पष्ट द्या. खोटी तारीख देऊ नका. लिंकच्या मेलमध्ये ती बहुधा दिसतेच.

आता नाजूक मुद्दा. बरेच सर म्हणतील, "ड्राफ्ट तूच करून आण, मी सही करतो." आपल्याकडे हे सर्रास चालतं. पण तीन सरांचे तीन ड्राफ्ट एकाच हाताने लिहिले की तिन्ही पत्रांत तीच विशेषणं, त्याच लांबीची वाक्यं येतात आणि वाचणाऱ्याला ते कळतं. शिवाय कित्येक विद्यापीठांचा स्पष्ट नियम असतो की पत्र शिफारस करणाऱ्यानेच लिहिलेलं हवं. तेव्हा असं म्हणा: "सर, पत्र तुमच्या शब्दांत असलेलं बरं, विद्यापीठाचीही तशी अट आहे. तुमचा वेळ वाचावा म्हणून मी तारखा, आकडे आणि दोन-तीन प्रसंग मुद्द्यांत लिहून देते." असं सांगितल्यावर माझ्या माहितीतलं कुणी रागावलेलं नाही. मुद्दे म्हणजे खरोखर मुद्देच असू द्या. "तिची निष्ठा वाखाणण्याजोगी आहे" हे लिहिणं तुमचं काम नाही. "नमुने ६ वेळा घेतले, त्यातले २ परत घेतले, कारण हे" असं लिहा.

एखादा एजंट सुचवेल की सरांच्या नावाने जीमेल उघडा आणि पत्र आपणच चढवा. असं कधीही करू नका. उघडकीला आलं तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. सरांचा कॉलेजचा ईमेलच द्या. सर निवृत्त असतील तर ते स्वतः वापरतात तो ईमेल चालेल का, हे विद्यापीठाच्या सूचनांमध्ये बघून घ्या.

अर्जात आणखी एक प्रश्न येतो: शिफारसपत्र पाहण्याचा हक्क सोडता का? अमेरिकेत १९७४ च्या फेर्पा कायद्याने विद्यार्थ्याला तो हक्क दिला आहे. तो सोडा, आणि सोडला आहे हे सरांना कळवा. मग पत्र मोकळेपणाने लिहिलं जातं आणि वाचणाराही त्यावर जास्त विश्वास ठेवतो. अर्थात मग "सर, पत्र दाखवाल का?" असंही विचारायचं नाही.

लिंक पाठवली त्याच दिवशी सरांना दोन ओळी टाका: "सर, आज पाच विद्यापीठांच्या लिंक आल्या असतील. दिसल्या नाहीत तर कृपया स्पॅम बघाल का?" निम्म्या वेळा त्या तिथेच पडलेल्या असतात. काही विद्यापीठं लिंक अर्ज सबमिट झाल्यावरच पाठवतात. तसं असेल तर सरांना आधीच कल्पना द्या, नाहीतर ते दोन आठवडे वाट बघत राहतात. पत्र पोचलं की नाही ते तुमच्या अर्जाच्या पानावर दिसतं. दहा दिवस राहिले आणि अजून आलं नसेल तर एक आठवण करा: "सर, घाई करत नाहीये. अमुक विद्यापीठाचं १५ तारखेला बंद होतंय, लिंक परत पाठवू का?" त्यानंतर तीन दिवस राहिल्यावर मात्र फोनच करा, मेल नको.

भेटायला जाताना पेढे वगैरे नेऊ नका, पत्र जाण्याआधी ते अवघडल्यासारखं होतं. पत्र गेलं की आभाराचा मेल करा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये निकाल आले की, कुठे झालं आणि कुठे नाही, ते दोन्ही कळवा. विद्यापीठं आम्हाला निकाल सांगत नाहीत. त्या मुलीने मार्चमध्ये फोन करून सांगितलं की पाचपैकी दोन ठिकाणी झालं, मग पेढे घेऊन ती कॉलेजात आली आणि लॅबमध्ये जाऊन जुन्या बाटल्या बघून गेली.