समुपदेशकांच्या सुपरव्हिजन ट्रेनिंगमध्ये व्हायकेरिअस ट्रॉमासाठी कोणतं सेल्फ-मॉनिटरिंग टूल द्यावं?

प्रश्न: आमच्या संस्थेत शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकांचं सुपरव्हिजन ट्रेनिंग घ्यायचंय, दोन तासांचं. कम्पॅशन फटीग आणि व्हायकेरिअस ट्रॉमा घ्या म्हणालेत. स्वतःवर लक्ष ठेवायला त्यांना कोणता फॉर्म देऊ आणि तो वापरायचा कसा? (लातूर)

उत्तर: फॉर्म प्रोक्यूओएलच द्या, पाचवी आवृत्ती, proqol.org वर फुकट मिळते. पण त्याच्या भरवशावर व्हायकेरिअस ट्रॉमा सापडेल असं समजू नका, तो त्यात मोजलाच जात नाही, त्याचं खाली सांगते.

आधी फॉर्मचं. बेथ स्टॅम यांनी केलेला आहे, ३० वाक्यं, गेल्या ३० दिवसांत हे किती वेळा वाटलं ते १ ते ५ मध्ये लिहायचं. दहा-दहा वाक्यांचे तीन गट निघतात: कामातून मिळणारं समाधान, बर्नआउट आणि सेकंडरी ट्रॉमॅटिक स्ट्रेस. कम्पॅशन फटीग म्हणजे यातले शेवटचे दोन. प्रत्येक गटाची बेरीज २२ पर्यंत कमी, २३ ते ४१ मध्यम, ४२ आणि त्यापुढं जास्त. वाक्यं आपल्या मनानं बदलायची नाहीत, फक्त कंसात 'मदतनीस' आहे तिथं 'समुपदेशक' घालता येतं.

बेरजेत एक जागा हमखास चुकते बघा. बर्नआउटमधली १, ४, १५, १७ आणि २९ ही पाच वाक्यं सुलट आहेत, मी आनंदी आहे, लोकांशी जोडलेली आहे अशी, त्यांचे आकडे उलटवून घ्यायचे, ५ चा १, ४ चा २. कुणी या पाचींना ४-४ दिले आणि तुम्ही उलटवलेच नाहीत तर बर्नआउट दहानं फुगतं, २४ वाली बाई ३४ वर दिसते. याच वाक्यांचा दुसरा उपयोग म्हणजे फॉर्म मनापासून भरलाय का ते कळतं. वरपासून खालपर्यंत सगळीकडं १ असेल तर त्या ताईंनी 'मी आनंदी आहे' यावर पण १, म्हणजे 'कधीच नाही' अशीच खूण केलीय, म्हणजे वाचलंच नाही. आणि असं बहुतेक तेव्हाच होतं जेव्हा कोऑर्डिनेटर सर फॉर्म गोळा करणार असतात, कॉन्ट्रॅक्टची नोकरी, रिन्यूअल तोंडावर, कोण लिहील ओ खरं? म्हणून ट्रेनिंगमध्ये पहिल्यांदाच सांगून टाका की कागद ज्याचा त्याच्याजवळच राहील.

आता एक केस घेऊ. दोघी-तिघींच्या गोष्टी एकत्र केल्यात, ओळख राहू नये म्हणून. समजा एक ताई आहेत, औसा भागात आत्महत्येनंतरच्या घरांना भेटी देतात, त्यांचे वडील स्वतः सोयाबीन करतात. पहिल्यांदा फॉर्म भरला तेव्हा समाधान ४१, बर्नआउट २२, सेकंडरी स्ट्रेस २०. तीन महिन्यांनी समाधान ४२, बर्नआउट २३, सेकंडरी स्ट्रेस ३३. फक्त कप्पे बघणारा म्हणेल, समाधान तर जास्तमध्ये गेलं, बाकी मध्यम आहे, छान चाललंय. पण २३ ते ४१ हा कप्पा लई रुंद आहे आणि त्यांचा आकडा १३ नं चढलाय. दुसऱ्याशी तुलना करूच नका, त्यांचीच मागची बेरीज शेजारी ठेवा आणि कोणत्या वाक्यांवर आकडा वाढला ते त्यांनाच बघू द्या. इथं वाढला होता दचकण्यावर, नको असताना चित्रं डोळ्यापुढं येण्यावर आणि काही गोष्टी टाळण्यावर. बर्नआउट जागचं हललंच नव्हतं, त्यामुळं 'चार दिवस सुट्टी घ्या' हा आपला नेहमीचा उपाय इथं कामाचा नाही, या ताई कामाला कंटाळलेल्याच नाहीत, उलट त्यात जास्तच गुंतल्यात.

फॉर्म इथवर येतो आणि थांबतो. व्हायकेरिअस ट्रॉमा ही कल्पना मॅककॅन आणि पर्लमन यांनी १९९० मध्ये मांडली, आणि त्यात मुद्दा लक्षणांचा कमी, माणसाच्या जगाबद्दलच्या समजुती बदलण्याचा जास्त आहे: सुरक्षितता, विश्वास, स्वतःची नि इतरांची किंमत, जवळीक आणि आपला ताबा. आपल्या ताईंचं काय झालेलं? गावी गेल्या की गोठ्यामागं ठेवलेला फवारणीच्या औषधाचा कॅन उचलून बघायच्या, किती उरलंय ते. रात्री वडिलांनी फोन उचलला नाही की शेजारच्या काकांना लावायचा. वडील 'बरा आहे की गं' म्हणाले तरी पटायचं नाही, कारण भेटी दिलेल्या घरांतले लोक पण सांगत होते, आदल्या दिवशी बरं होतं म्हणून. हे कोणत्याच वाक्यात बसत नाही आणि त्यांना स्वतःला तर ती काळजीच वाटत होती. आता वडील खरोखर अडचणीत असतील तर ही काळजी योग्यच आहे, ते आधी विचारा. इथं कर्ज फिटलेलं, तब्येत ठीक, तरी तपासणं वाढतच चाललेलं.

म्हणून फॉर्म दर तीन महिन्यांनी आणि त्याच्या जोडीला आठवड्याला एक वहीचं पान, हे माझं घरगुती आहे, प्रमाणित वगैरे काही नाही. चार ओळी फक्त. या आठवड्यात कोणतं दृश्य न बोलावता आलं? मी काय टाळलं, एखादं गाव, एखादं घर, एखादा प्रश्न? पूर्वी तपासत नव्हते असं काय तपासायला लागले? कुणावरचा किंवा कशावरचा भरवसा कमी झाला? तिसऱ्या ओळीत त्या ताईंनी 'कॅन' एवढंच लिहिलं होतं, आणि सुपरव्हिजनमध्ये बोलणं तिथूनच सुरू झालं.

सुपरव्हायझरनं दुसरीकडून पण बघायचं, केसच्या नोंदीत. अशा वेळी समुपदेशक दोनपैकी एका टोकाला जातात. एकतर त्या बाईनं नवरा कसा सापडला हे सांगायला घेतलं की लगेच अनुदानाच्या कागदपत्रांवर येतात, नाहीतर प्रत्येक भेटीत जिवाच्या धोक्याचे तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, समोरच्यात तसं काही दिसत नसलं तरी. ट्रेनिंगमध्ये अशी एक खोटी नोंद तयार करून द्या आणि विषय कुठं बदलला ते शोधायला सांगा, अर्धा तास मस्त जातो, व्याख्यानापेक्षा बरं.

एक मात्र नक्की सांभाळा. शेअरिंगच्या नावाखाली सगळ्यांना सगळं सविस्तर सांगायला लावू नका, दोर कसा, वास कसा, नाहीतर ट्रेनिंगमधूनच वीस जण नवीन चित्रं घेऊन घरी जातात. आधी विचारायचं, 'अवघड आहे, आत्ता ऐकू शकाल का', आणि घटनेचं वर्णन टाळून आपल्यावर काय परिणाम झाला तेवढंच सांगायचं. कुणाच्या स्वतःच्या घरात असं घडलं असेल तर तेही खोदून काढू नका, आपण सुपरव्हायझर आहोत, त्यांचे थेरपिस्ट नाही.

त्या ताईंचं पुढं असं केलं की केसेस बंद नाही केल्या, सलग आत्महत्येच्या भेटी येत होत्या त्या दोघींत वाटल्या, मध्ये दुसऱ्या प्रकारचं काम दिलं, आणि वडिलांना फोन करायची एकच वेळ त्यांनीच ठरवली. पुढच्या वेळी सेकंडरी स्ट्रेस २४ होता. कॅन बघायची सवय मात्र लगेच गेली नव्हती, समजुती आकड्यांपेक्षा हळू हलतात.

झोप, चित्रं, दचकणं हे महिन्याच्या वर चाललं आणि काम-घर अडायला लागलं तर मात्र वहीवर थांबू नका, सरळ जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात पाठवा. जायला संकोच वाटत असेल तर टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, तिथं मराठीत बोलता येतं. जीव द्यायचा विचार कुणी बोललं तर महिन्याची वाट बघायचीच नाही, त्याच दिवशी सोबत जायचं.