मार्चमधला मुलगा, दरवर्षी नव्या तारखेचा

प्रश्न: आमच्या घरी मुलाचा वाढदिवस तिथीने करतात. तो दरवर्षी वेगळ्या तारखेला का येतो, आणि तो नक्की कोणत्या दिवशी करायचा हे कसं ठरवावं?

आमचा नातू 28 मार्च 2016 ला दुपारी चारच्या सुमारास झाला. सोमवार होता आणि रंगपंचमी होती. इंदुरात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, पण तुम्ही बाहेरचे असाल तर सांगतो. आमच्याकडे धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी. राजवाड्यावर गेर म्हणजे रंगांची मिरवणूक निघते, टँकरमधून रंग उडतो, गावाला सुट्टी असते. त्या गर्दीतून वाट काढत माझा मुलगा दवाखान्यात पोहोचला तेव्हा त्याच्या शर्टाचा मूळ रंग ओळखू येत नव्हता. त्यामुळे बाळाची तिथी घरात कुणाला विसरणं शक्यच नव्हतं : फाल्गुन वद्य पंचमी.

शाळेत त्याचा वाढदिवस 28 मार्चला असतो. घरी औक्षण मात्र तिथीला. पाट, रांगोळी, सुपारी आणि अंगठीनं ओवाळणं, मग श्रीखंड-पुरी.

सात वर्षांचा झाल्यावर त्याला हे तारखांचं प्रकरण खुपायला लागलं. 2022 ची रंगपंचमी 22 मार्चला होती आणि 2023 ची 12 मार्चला. त्यानं बोटांवर मोजून सांगितलं, "आजोबा, पुढच्या वर्षी माझा वाढदिवस 1 किंवा 2 मार्चला, मग फेब्रुवारीत, मग जानेवारीत! थंडीत येईल!" त्याचा हिशेब साफ बरोबर होता, कारण माहिती होती तेवढ्यावर तोच निघतो. चंद्राचा एक महिना सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा. असे बारा महिने म्हणजे 354 दिवस, आणि आपलं इंग्रजी वर्ष 365 चं. म्हणून तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येते. शेजारच्या खान काकांकडची ईद याच कारणानं कधी उन्हाळ्यात, कधी पावसाळ्यात, कधी थंडीत येते, हे त्यानं ऐकलेलं होतं. आपलंही तसंच होणार असं त्याला वाटलं.

पण 2024 ची रंगपंचमी आली 30 मार्चला. तो गोंधळला आणि थोडा रुसलाही, कारण आदल्या खेपेपासून वर्षाहून अधिक काळ वाट पाहावी लागली होती. मी त्याला जुनं कॅलेंडर काढून दाखवलं. 2023 च्या जुलै-ऑगस्टमध्ये श्रावण दोनदा छापला होता, आधी अधिक श्रावण, मग निज श्रावण. दोघांनी मिळून 12 मार्च 2023 पासून 30 मार्च 2024 पर्यंतचे दिवस मोजले. 384 भरले. म्हणजे मधे बारा नव्हे, तेरा चांद्रमास गेले. दरवर्षी अकरा दिवसांची तूट साठत जाते, आणि अडीच-पावणेतीन वर्षांत ती एका महिन्याएवढी झाली की पंचांगात एक महिना जास्तीचा धरतात. मग तिथी एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे उडी घेते. म्हणून त्याचा वाढदिवस मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतच फिरतो. सर्वांत आधी तो 6 मार्चला आला 2018 साली, सर्वांत उशिरा 2 एप्रिलला 2021 साली. थंडीत कधीच येणार नाही. हे ऐकून तो खट्टू झाला, पण लगेच दाराच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं सगळ्या तारखा लिहायला बसला. त्या अजून तिथे आहेत.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. तिथी कशी काढायची यात दोन ठिकाणी माणसं चुकतात, आणि माळव्यात राहणाऱ्या मराठी घरांना पहिली चूक जास्त भोवते.

आपल्याकडे महिना अमावस्येला संपतो. उत्तरेकडच्या हिंदी पंचांगात तो पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्षात दोन्हींचं महिन्याचं नाव एकच येतं. वद्य पक्षात मात्र हिंदी पंचांग एक महिना पुढचं नाव सांगतं. आमच्या नातवाची फाल्गुन वद्य पंचमी ही आमच्या पंडितजींसाठी चैत्र कृष्ण पंचमी. दिवस तोच, नाव वेगळं. 2025 मध्ये सुनेनं फोनवरच्या एका हिंदी ॲपमध्ये तिथी भरताना "फाल्गुन कृष्ण पंचमी" असं लिहिलं. ॲपनं 17 फेब्रुवारीला आठवण करून दिली. नातेवाइकांचे फोन सुरू झाले, आणि नातू घरभर विचारत फिरला की रंग कुठे आहेत. खरा दिवस 19 मार्च होता, तीस दिवसांनंतर. तुमच्या मुलाची तिथी वद्य पक्षातली असेल तर नोंद करताना ती मराठी पंचांगाची आहे की हिंदी, हे शेजारी लिहूनच ठेवा. कृष्ण जन्माष्टमीनं ताडून पाहता येतं : आपल्याकडे ती श्रावण वद्य अष्टमी असते, ज्या पंचांगात ती भाद्रपद कृष्ण अष्टमी आहे तिथे महिना पौर्णिमेला संपतो.

दुसरी चूक बारीक आहे. कॅलेंडरच्या चौकटीत छापलेली तिथी सूर्योदयाची असते. तिथी मध्यरात्री बदलत नाही, ती दिवसात कोणत्याही वेळी संपते. चंद्राचा वेग कमी-जास्त होतो, म्हणून तिची लांबी साधारण 19 ते 26 तासांच्या दरम्यान असते. मुलाचा जन्म झाला त्या घटकेला कोणती तिथी चालू होती, ती त्याची. आमच्या वाड्यातली एक मुलगी 2 एप्रिल 2021 ला संध्याकाळी झाली. सगळे तिला रंगपंचमीची म्हणतात, कारण सण त्या दिवशी होता. पण पंचमी त्या सकाळी आठच्या सुमारास संपली होती. पोर षष्ठीची आहे. तिची आई आता दुसऱ्या दिवशी ओवाळते. म्हणून जन्मदाखल्यावरची वेळ घ्या, त्या वर्षीच्या पंचांगात तिथी किती वाजता संपली ते पाहा, आणि मग ठरवा.

एकदा जन्मतिथी पक्की झाली की दरवर्षीचं काम सोपं. आमच्याकडे सूर्योदयाला ती तिथी ज्या दिवशी असते तो दिवस धरतात. कधी एकच तिथी दोन सूर्योदयांना सापडते, कधी एकालाही नाही. तेव्हा मी पंडितजींना विचारतो आणि ते सांगतील तो दिवस घेतो. घराघरांत यात फरक असतो, तुमच्या घरातल्या जुन्या माणसांचं ऐका.

मूळ तारखेशी तिथी पुन्हा कधी जुळेल, हेही त्यानं विचारलंय. सुमारे 19 वर्षांनी जुळते, एखादा दिवस इकडेतिकडे, म्हणजे 2035 मध्ये 28 मार्चच्या आसपास. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा असेल. दाराच्या मागच्या यादीत त्यानं 2035 पर्यंतच्या रिकाम्या ओळी आखून ठेवल्यात. यंदाची, म्हणजे 2026 ची, 8 मार्च ही तारीख त्यानं लिहिली आहे. आता या मे-जूनमध्ये अधिक ज्येष्ठ येतोय. त्यामुळे 2027 ची रंगपंचमी पुन्हा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जाणार, हे या खेपेला त्यानंच मला सांगितलं.