घरून वडे आणि डबे विकायचे आहेत, स्वच्छतेचं काय पाहू?

«सोसायटीतल्या शेजाऱ्यांना वडे, पोहे आणि दुपारचे डबे द्यायला सुरुवात करतेय. स्वयंपाकघर घरचंच, फ्रिजही एकच. स्वच्छतेचे नेमके कोणते नियम पाळू?»

मी सहा वर्षं डबे देतेय. ओटा चकाचक ठेवायचं तुम्हाला सांगायला नको, ते आपण सगळ्याच करतो. घरच्या स्वयंपाकात जे चालून जातं आणि विकायला लागल्यावर चालत नाही, ते म्हणजे मोठ्या पातेल्यात गार होत राहिलेलं अन्न. तेवढ्याचंच सविस्तर सांगते.

माझी पहिली मोठी ऑर्डर साठ वड्यांची होती. सकाळी धावपळ नको म्हणून वड्याची भाजी रात्रीच करून ठेवली. तीन किलो बटाटे, एकच खोल पातेलं, वर झाकण. अकरापर्यंत ओट्यावर ठेवली आणि मग फ्रिजमध्ये. सकाळी सहाला गोळे करायला हात घातला, तर वरून गारेगार, मधे मात्र चक्क कोमट! वास चांगला, चवही चांगली. तरी सगळी टाकून दिली आणि नवे बटाटे उकडायला लावले. यजमान म्हणाले, तळल्यावर सगळं मरतंच की.

तसं होत नाही. बटाट्यावर मातीतून आणि तांदळावर शेतातून आलेल्या काही जंतूंचे बीजाणू उकळूनही जिवंत राहतात. बॅसिलस सेरियस हा त्यातलाच. अन्न ५ ते ६० अंशांच्या मधे रेंगाळलं की ते रुजतात, वाढतात, आणि त्यांच्यातले काही असं विष सोडतात की ते पुन्हा गरम करूनही जात नाही. वास येत नाही, तार सुटत नाही, म्हणून नाकावर भरवसा ठेवता येत नाही. शिवाय वडा तळताना तेल १७०-१८० अंशांवर असलं तरी दोन-तीन मिनिटांत बेसनाचं आवरण शिजतं, आतला गोळा नुसता गरम होतो.

आता मी भाजी शक्यतो सकाळीच करते. रात्री करावीच लागली, तर गॅसवरून उतरवल्याबरोबर दोन परातींत दोन बोटं जाडीची पसरते. वर धुतलेलं पातळ मलमल, आणि पंखा. खोलीइतकी गार झाली की पसरट डब्यांत भरून फ्रिजमध्ये, डबे एकावर एक न रचता. हिशोब असा, की ६० अंशांवरून २१ पर्यंत दोन तासांत यायला हवी आणि त्यापुढच्या चार तासांत ५ च्या खाली. हे हाताने कळत नाही. सुईचा थर्मामीटर घ्या, टोक भाजीच्या मधोमध खुपसा, दर वेळी सुई धुऊन पुसून. बर्फाच्या पाण्यात तो शून्याच्या आसपास दाखवतोय ना, हे अधूनमधून बघा. फ्रिजमध्येही एक रात्र ठेवून पाहा. उन्हाळ्यात दार सारखं उघडलं की माझा दहावर जायचा.

मसालेभात, पुलाव यांनाही हाच नियम. उरलेला भात दुसऱ्या दिवशीच्या डब्यात मी घालतच नाही. घरी फोडणीचा भात करून आम्ही खातो, पण तो रात्री लगेच पसरून फ्रिजमध्ये ठेवलेला असेल तरच. डबे साडेबाराला न्यायचे असतील तर भात साडेअकराच्या आधी उतरवू नका. झाकणावर भरल्याची वेळ लिहा आणि ‘दोन तासांत खा’ असं स्पष्ट सांगा. ओल्या नारळाची चटणी त्याच सकाळची, आणि ऑर्डर निघेपर्यंत फ्रिजमध्ये.

दुसरी गोष्ट हातांची. बोटाला कापलेलं किंवा पिकलेलं असेल तर त्या जखमेतले जंतू गोळे वळताना भाजीत जातात, आणि त्यांचंही विष तळून जात नाही. पट्टी, वर हातमोजा, किंवा त्या दिवशी गोळे दुसऱ्या कुणाकडून. घरात कुणाला जुलाब-उलट्या असतील तर त्या माणसाने थांबल्यावरही ४८ तास अन्नाला हात लावायचा नाही. तुम्हालाच झालं तर ऑर्डर रद्द करा. मी दोनदा केलीय. गिऱ्हाइकं कुरकुरली, पण तुटली नाहीत. पदराला किंवा ओट्याच्या फडक्याला हात पुसायची सवय मात्र मोडावी लागते, मला वर्ष लागलं.

वडे वर्तमानपत्रात बांधू नका, शाई तेलात उतरते आणि त्याला मनाईच आहे. विक्री सुरू करण्याआधी FSSAI ची नोंदणी करा, घरच्या छोट्या धंद्यालाही ती लागते. foscos.fssai.gov.in वर अर्ज भरता येतो, आणि मिळालेला चौदा आकडी नंबर डब्याच्या लेबलवर लिहा. थर्मामीटर मात्र अर्ज भरायच्या आधीच आणा.