कोटेशन दिल्यापासून ऑर्डर येईपर्यंतच्या ईमेलमध्ये लिहायचं काय?

प्रश्न: मी कारखान्यांना स्क्रू एअर कॉम्प्रेसर विकतो. कोटेशन दिल्यावर ऑर्डर यायला आठ-दहा महिने, कधी वर्षही लागतं. तोवर ईमेलवर संपर्क कसा ठेवावा? ‘काही अपडेट?’ असं विचारलं की उत्तरच येत नाही.

उत्तर: ‘काही अपडेट?’ला उत्तर येत नाही, कारण मेंटेनन्स मॅनेजरकडे अपडेट नसतंच. खर्च मंजूर करतात प्लांट हेड आणि फायनान्स, आणि तेही वर्षातल्या ठरावीक दिवसांतच. म्हणून मी प्रत्येक मेलसाठी एकच कसोटी लावतो. त्यांनी माझ्याकडून काहीही घेतलं नाही, तरी या मेलचा त्यांना त्या आठवड्यात उपयोग होईल का? होणार नसेल तर मेल जात नाही. मीही याच धंद्यात आहे, त्यामुळे तुमच्याच मशीनचं उदाहरण घेतो.

समजा, चाकणच्या एका कारखान्यात ५५ किलोवॅटचा जुना, एकाच वेगाने चालणारा कॉम्प्रेसर आहे आणि तुम्ही व्हीएफडीवाल्या मशीनचं कोटेशन दिलंय. भेटीच्या वेळी पॅनेलवरचे दोन आकडे टिपून घ्या, एकूण चाललेले तास आणि लोडवरचे तास. समजा, गेल्या वर्षात मशीन ६,००० तास चाललं आणि त्यातले ३,६०० तास लोडवर होतं. उरलेले २,४०० तास ते हवा न देता नुसतंच फिरत होतं. अनलोडवरही स्क्रू मशीन पूर्ण लोडच्या साधारण ३० टक्के वीज खातं, म्हणजे इथे १६-१७ किलोवॅट. वर्षाला सुमारे ४०,००० युनिट झाले. युनिटचा दर ९ रुपये धरला तर साडेतीन लाखांच्या वर. पहिला मेल एवढाच असू द्या, आणि तो भेटीनंतर दोन दिवसांत जाऊ द्या. विषयाच्या ओळीत ‘कॉम्प्रेसर क्र. २ : अनलोडवरचे तास’ असं साधं लिहा. ब्रोशर जोडू नका. शेवटी एकच प्रश्न विचारा, त्यांच्याकडे कॅपेक्स बजेट कोणत्या महिन्यात मागवतात. या उत्तरावर पुढचं सगळं वेळापत्रक ठरतं. एप्रिल ते मार्च वर्ष धरणाऱ्या कंपन्यांत ही धावपळ साधारण जानेवारीपासून असते. जानेवारी ते डिसेंबर वर्ष असलेल्या परदेशी कंपन्यांत ती बरीच आधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उरकते.

दुसरा मेल तीन आठवड्यांनी, गळती मोजायची रीत सांगणारा. मला यातला हाच सगळ्यात मोलाचा वाटतो. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात बहुतेक ठिकाणी गुरुवारी सुट्टी असते, म्हणून मेल मंगळवारी पाठवा. त्यांना सांगा की सुट्टीच्या दिवशी हवा वापरणारी सगळी यंत्रं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करा, आणि तो किती सेकंद लोड होतो, किती सेकंद अनलोड राहतो हे चार-पाच फेऱ्या मोजा. लोडचा वेळ भागिले दोन्ही वेळांची बेरीज, ही गळती. ४५ सेकंद लोड आणि २५५ सेकंद अनलोड आला, तर मशीनच्या क्षमतेच्या १५ टक्के. आकडा छोटा दिसतो, पण हे मशीन मुळात ६० टक्केच वेळ लोडवर असतं. म्हणजे तयार होणाऱ्या हवेतली पाव हवा कपलिंग, होस आणि एफआरएलमधून निघून जातेय.

इथे बरेच विक्रेते कचरतात. गळती बंद झाली तर नवं मशीन लागणारच नाही किंवा लहान लागेल, ही भीती असते. लहान लागू शकतं, हे खरं आहे. या कारखान्यात गळती काढल्यावर सरासरी मागणी ४५ टक्क्यांवर येते, आणि कमाल मागणी मोजून तेवढं भागत असेल तर ३७ किलोवॅटचं मशीनही पुरेल. हे आपण होऊन लिहा. त्याच मेलमध्ये दुसरी बाजूही मांडा. जुन्या मशीनवर गळती बंद केली तरी वाचलेल्या वेळात ते अनलोडवर फिरून ३० टक्के वीज खातच राहतं, त्यामुळे बचत अर्धवट पदरात पडते. व्हीएफडी मागणीप्रमाणे वेग कमी करतो, म्हणून त्यात जवळपास पूर्ण बचत दिसते. आणि मशीन दिवसभर पूर्ण लोडवरच चालत असेल तर व्हीएफडी घेऊ नका, कारण ड्राइव्हमध्ये थोडी वीज वायाच जाते, हेही त्यांना कळू द्या. हा मेल मॅनेजर जपून ठेवतो, कारण त्यातलं गणित त्याने स्वतः करून पाहिलेलं असतं.

त्यानंतर महिना-दीड महिन्याचं अंतर पुरे. मार्चच्या शेवटी उन्हाळ्याचा मेल पाठवा. आत जाणारी हवा ४ अंशांनी तापली की वीज साधारण १ टक्का जास्त लागते, आणि कूलर धुळीने भरला असेल तर मे महिन्यात मशीन तापून ट्रिप होतं. कूलर साफ करा, खोलीतली गरम हवा बाहेर काढायची सोय पाहा, एवढं लिहिलं की झालं. त्यात कोटेशनचा उल्लेखही नको.

बजेटच्या महिन्याआधी मात्र एका पानाची टिपणी तयार करून द्या. सध्याचा खर्च, गळती काढल्यावरचा खर्च, नव्या मशीनचा खर्च, किंमत आणि परतफेडीचा काळ. तुमचा लोगो नको, आणि एक्सेलमधली सूत्रं उघडी ठेवा. ती मॅनेजरच्या नावाने वर जाणार आहे, आणि तिथे वाचणाऱ्याला कॉम्प्रेसर नव्हे, रुपये कळतात.

मंजुरी मिळाल्यावर घाई तारखेची असते. दिवाळीच्या शटडाउनमध्ये मशीन बदलायचं आणि डिलिव्हरीला आठ आठवडे लागत असतील, तर पाइपिंग आणि केबलच्या कामासह पीओ ऑगस्टमध्ये निघायला हवा. हे उलटं मोजून लिहिलेलं वेळापत्रक पाठवा, आणि कोटेशनची मुदत संपत असेल तर ती तारीखही.

मेल उघडला की नाही दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबू नका. अ‍ॅपलचं मेल अ‍ॅप २०२१ पासून गोपनीयतेसाठी चित्रं आधीच उतरवून घेऊ शकतं, आणि कंपन्यांचे सुरक्षा स्कॅनर लिंक स्वतःच उघडून तपासतात. खरी खूण वेगळी आहे. उत्तरात सीसीमध्ये नवं नाव आलं, किंवा ‘युनिटचा दर ९ नाही, आमचा अमुक आहे’ अशी दुरुस्ती आली, तर कागद आत फिरतोय. ‘धन्यवाद, कळवतो’ एवढंच दोनदा आलं, तर तिसरा मेल लिहू नका, फोन करा. बऱ्याचदा बजेट पुढच्या वर्षावर गेलेलं असतं किंवा मॅनेजरने नोकरी बदललेली असते. म्हणून पहिल्या भेटीतच युटिलिटीच्या इंजिनिअरचाही पत्ता घ्या आणि गळतीचा मेल दोघांना पाठवा. जुना माणूस गेला तरी सगळा पत्रव्यवहार एकाच साखळीत राहतो, आणि नव्या मॅनेजरला ती फॉरवर्ड करून ‘तुमच्या मशीनचे हे आकडे, पुन्हा मोजून देऊ का?’ असं विचारता येतं.