बिल्ल्यावरचा हरवलेला रफार

प्रश्न: आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेला पन्नास वर्षे होत आहेत. संस्थेला बोधचिन्ह, ब्रीदवाक्य आणि गणवेश बदलून शाळेला नवी ओळख द्यायची आहे. पालकांवर याचा खरोखर परिणाम होतो का, आणि सुरुवात कुठून करावी?

उत्तर: मी एका तालुक्याच्या गावी एकोणतीस वर्षे कलाशिक्षक होतो आणि आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवात याच समितीत बसलो होतो. सुरुवात खिशापासून करावी. पहिलीतल्या मुलाच्या शर्टाच्या खिशावर जेमतेम सहा सेंटिमीटरचा बिल्ला मावतो, आणि पालक, शेजारी, बसचा वाहक यांना शाळेचे चिन्ह वर्षभर त्याच आकारात दिसते. तरीही बहुतेक समित्या बोधचिन्हाचा निर्णय भिंतीवर पाडलेल्या तीन फुटी चित्राकडे पाहून घेतात. आमच्याकडेही नेमके तेच झाले.

आमच्या जुन्या चिन्हात समई, उघडे पुस्तक, कमळ, मागे उगवता सूर्य आणि डोंगर एवढे सगळे होते. भोवतीच्या वर्तुळात शिक्षण प्रसारक मंडळापासून कनिष्ठ महाविद्यालयापर्यंतचे संपूर्ण नाव आणि खालच्या फितीवर ‘तमसो मा ज्योतिर्गमय’. नव्या चिन्हात चित्रे कमी करायला सगळे तयार झाले, पण ब्रीदवाक्य बिल्ल्यावरून काढून लेटरहेड, प्रवेशद्वार आणि दाखल्यांपुरते ठेवावे असे मी म्हणताच कार्याध्यक्ष उठून उभे राहिले. “सर, संस्थापकांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली ओळ आहे ती, आणि तुम्ही ती पुसायला निघालात?” असे ते म्हणाले, आणि त्यानंतर त्या बैठकीत माझे कोणी ऐकले नाही.

माझा मुद्दा भावनेचा नव्हता, धाग्याचा होता. यंत्रावरच्या भरतकामात नेहमी वापरला जाणारा धागा साधारण ०.४ मिलिमीटर जाडीचा टाका टाकतो, आणि अक्षराची उभी रेघ स्वच्छ उठायची तर तिला किमान एक मिलिमीटर रुंदी द्यावी लागते. आमच्या फितीवर अक्षराची उंची मात्रांसह तीन मिलिमीटर येत होती. देवनागरीत त्या तीन मिलिमीटरमध्ये शिरोरेषा, तिच्या खालचे अक्षर आणि तिच्या वरची खूण असे तीन मजले बसवावे लागतात. आपल्या ब्रीदवाक्यातली अक्षरे मोजा: नऊ अक्षरांपैकी ‘सो’, ‘ज्यो’, ‘ति’ आणि ‘र्ग’ या चारांना शिरोरेषेच्या वर काहीतरी आहे. रोमन मोठ्या अक्षरांना हा त्रास नसतो, म्हणून इंग्रजी शाळांची नक्कल केलेला आराखडा मराठी मजकुराला जसाच्या तसा चालत नाही.

वर्तुळातल्या नावाचीही अशीच गत झाली. वरच्या कमानीत शिरोरेषा बाहेरच्या, म्हणजे मोठ्या परिघावर येते, त्यामुळे अक्षरे पंख्यासारखी फाकतात आणि शिरोरेषा तुटते. खालच्या कमानीत तीच रेषा आतल्या लहान परिघावर येते आणि मात्रा एकमेकींवर चढतात. संगणकावर मजकूर वळवून कामाला मोकळे होणारे आरेखक हे पाहत नाहीत. शिरोरेषा एक अखंड वक्र म्हणून वेगळी काढावी लागते आणि अक्षरे तिला हाताने टांगावी लागतात. पंचिंग करणाऱ्या माणसाने, म्हणजे ज्याने चित्राचे टाक्यांत रूपांतर केले त्याने, हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितले होते; त्याला कोणी विचारले नव्हते, एवढेच.

जूनमध्ये बिल्ले आले. तिसऱ्या दिवशी नातवाला सोडायला आलेल्या एका आजोबांनी, स्वतः संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या, मला फाटकापाशी थांबवले आणि शांतपणे विचारले, “गुरुजी, ज्योतिगमय हा कोणता शब्द हो?” रफार शेजारच्या वेलांटीत बुडाला होता. बिल्ला बाराशे शर्टांवर शिवून झाला होता. त्या आजोबांनी तक्रार केली नाही, पण पुढच्या पालकसभेत ही गोष्ट तिघांच्या तोंडी होती, आणि शुद्धलेखनाचे गुण कापणाऱ्या शाळेबद्दल ती फिरावी याचे मला आजही वाईट वाटते.

ब्रीदवाक्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. उपनिषदातली तीच दोन-तीन वचने शेकडो शाळांवर आहेत. ती थोर आहेत, पण त्यांवरून तुमची शाळा ओळखता येत नाही. रयत शिक्षण संस्थेचे ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ लोकांच्या लक्षात राहिले, कारण ते मराठीत आहे आणि कर्मवीरांच्या शाळांत मुले खरोखर काम करून शिकत होती. त्यांचा वटवृक्षही अक्षर न वाचता ओळखता येतो. तुमच्या संस्थेने असे काही वेगळे केले नसेल, तर नवे वाक्य शोधण्यात वेळ घालवू नका, जुनेच ठेवा, फक्त खिशावर ठेवू नका.

आता पालकांकडे येतो. पालक बोधचिन्हातल्या समईचा अर्थ लावत बसत नाहीत. गणवेशावरून ते खर्च आणि शिस्त या दोन गोष्टी वाचतात. आमच्या कार्याध्यक्षांना शेजारच्या इंग्रजी शाळेसारखा टाय आणि खास विणून घेतलेला चौकडीचा कपडा हवा होता. केंद्रीय विद्यालयांनी २०१२ मध्ये चौकडीचा गणवेश घेतला, पण त्यांच्या शाळा देशभर आहेत, त्यामुळे तो कपडा अनेक दुकानांत मिळतो. सहाशे मुलांच्या शाळेचे गणित वेगळे असते: दोन जोडांचे, शर्टामागे सरासरी दीड मीटर धरले तरी अठराशे मीटर कापड होते, आणि खास नक्षीचा एवढा माल एकच दुकानदार भरतो. मग पालकांना एकाच दुकानात जावे लागते, आणि दुसऱ्या आठवड्यात ‘शाळेला किती मिळतात?’ हा प्रश्न सुरू होतो. आमच्याकडे कोणालाही काही मिळत नव्हते, तरी तो प्रश्न दोन वर्षे फिरला. शिवाय पुढच्या वर्षीचा ताका वेगळ्या रंगछटेचा निघाला, आणि थोरल्याचा शर्ट धाकट्याला घातला की प्रार्थनेच्या रांगेत तो उठून दिसू लागला. ज्या आईने दोन बोटे दाब ठेवून शिवून घेतलेला गणवेश तीन वर्षे पुरवायचे ठरवलेले असते, तिच्या मनातली शाळेची प्रतिमा तिथेच बदलते.

म्हणून साधा, बाजारात कोणत्याही दुकानी मिळणारा रंग घ्यावा, शर्ट कुठेही शिवू द्यावा आणि शाळेची ओळख फक्त वेगळ्या विकत मिळणाऱ्या बिल्ल्यावर ठेवावी. बिल्ला मंजूर करण्यापूर्वी प्रत्यक्ष कापडावर भरून घ्यावा, तो दहा वेळा धुवावा आणि तीन हातांवरून चाळिशी लागलेल्या माणसाला वाचायला द्यावा. नाव मोठे असेल तर बिल्ल्यावर फक्त शाळेचे नाव घ्यावे, मंडळाचे नको. विणलेला बिल्ला भरतकामापेक्षा बारीक अक्षरे चांगली दाखवतो, हेही सांगायला हवे; आमच्या समितीने तो पर्याय पाहिला असता तर कदाचित माझा वाद अर्धा संपला असता.

माझा अनुभव एका गावाचा, एका शाळेचा आहे, आणि शहरात टाय पाहून प्रवेश घेणारे पालक असतीलही. नव्या ओळखीमुळे पटसंख्या वाढते का, हे मी सांगू शकत नाही. आमची वाढली नाही आणि घटलीही नाही. पाच वर्षांनी बिल्ल्याची नवी खेप मागवताना नव्या मुख्याध्यापक बाईंनी फित काढून टाकली, आणि कार्याध्यक्षांच्या ते अजून लक्षात आलेले नाही.